सीझनल मालाचं प्लॅनिंग: वर्षभर सारखं बनवायचं की मागणीप्रमाणे? (पत्र्याच्या कूलरचं उदाहरण)

प्रश्न: नागपूरला हिंगणा एमआयडीसीत आमचं पत्र्याच्या डेझर्ट कूलरचं युनिट आहे, वर्षाला साधारण 12,000 कूलर जातात. सध्या 26 परमनंट माणसं आहेत. बाबा म्हणतात वर्षभर सारखं बनवत राहा, सीझनला माल तयार पाहिजे. मी म्हणतो माणसं कमी ठेवू आणि सीझनला ठेकेदाराकडून वाढवू. सीए म्हणतो स्टॉकमध्ये पैसा अडकतोय. नेमकं कोणाचं ऐकू?

उत्तर:

भाऊ, तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत पण तिघंही "कूलर" हा एकच आयटम धरून बोलताहेत, आणि खरी मेख तिथेच आहे. लेव्हल करायचं, म्हणजे वर्षभर सारखं बनवायचं, का चेस करायचं, म्हणजे मागणीप्रमाणे माणसं आणि माल कमी-जास्त करायचा, यापेक्षा आधी विचारा की तुमच्या कारखान्यातलं कुठलं काम आधी करून ठेवता येतं आणि कुठलं नाही. मी विदर्भातल्या शीट मेटलवाल्या युनिट्समध्ये बरीच वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग करतोय, त्या अनुभवावरून सांगतो. आकडे मी अंदाजाने धरलेत, तुम्ही तुमचे घालून बघा, रीत तीच राहील.

पहिले एक गोष्ट, अॅग्रीगेट प्लॅनिंग, म्हणजे सगळ्या मालाचं मिळून वर्षाचं प्लॅनिंग, करताना मॉडेल विसरून जा. 16 इंची, 18 इंची, 24 इंची असं वेगवेगळं प्लॅन करायला बसलात तर जुलैमध्येच डोकं फिरेल, कारण मे महिन्यात कुठलं मॉडेल किती जाणार हे आज कोणालाच माहीत नाही. सगळं माणसाच्या तासांत आणा. समजा 18 इंचीला 5.2 तास लागतात आणि मोठ्याला 7 तास, तर मोठा एक म्हणजे जवळपास सव्वा-दीड कूलर धरायचा. खाली मी "कूलर" म्हणतो तो असा 18 इंची प्रमाणातला कूलर. 26 दिवस गुणिले 8 तास म्हणजे 208 तास, म्हणजे एक माणूस महिन्याला 40 कूलरचं काम करतो, पत्रा कापण्यापासून पॅकिंगपर्यंत सगळं धरून.

आता मागणी. वर्ष जुलैपासून मोजा, जानेवारीपासून किंवा एप्रिलपासून नाही. कूलरचं वर्ष जूनमध्ये संपतं, सीएचं मार्चमध्ये संपतं, आणि अर्धी भांडणं तिथूनच निघतात कारण 31 मार्चला बॅलन्स शीटमध्ये जो स्टॉक दिसतो तो तुमच्या ऐन सीझनचा असतो. विदर्भातल्या 12,000 वाल्या युनिटचा साधारण आकार असा धरू:

जुलै 200, ऑगस्ट 100, सप्टेंबर 100, ऑक्टोबर 200, नोव्हेंबर 200, डिसेंबर 400, जानेवारी 800, फेब्रुवारी 1600, मार्च 2600, एप्रिल 3000, मे 2200, जून 600.

म्हणजे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतच 9,400 कूलर जातात.

बाबांचा प्लॅन (लेव्हल)

12,000 भागिले 12 म्हणजे महिन्याला 1000, असं सगळेच करतात आणि इथेच फसतात. मेअखेरपर्यंत एकूण मागणी 11,400 आहे आणि 11 महिन्यांत तुम्ही बनवणार 11,000. म्हणजे मेमध्ये 400 कूलर कमी पडणार, आणि जूनमध्ये ते बनवून काही उपयोग नाही कारण तोवर पाऊस आलेला असतो आणि डीलरने दुसऱ्याचा माल उचललेला असतो. लेव्हलचा रेट वर्षाच्या सरासरीवर काढत नाहीत. प्रत्येक महिन्याअखेरची एकूण मागणी तोवरच्या महिन्यांच्या संख्येने भागायची आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. इथे तो मेअखेरचा निघतो, 11,400 भागिले 11 म्हणजे 1037. आपण 1040 धरू. 1040 ला 40 ने भागलं तर 26 माणसं, म्हणजे बाबांनी जी माणसं ठेवलीत ती बरोबर याच हिशोबाने ठेवलीत, फक्त कागदावर मांडलं नसेल.

या प्लॅनमध्ये स्टॉक वाढत वाढत जानेवारीअखेर 5,280 कूलरवर जातो. एका कूलरची कॉस्ट 4,000 धरली तर 2 कोटी 11 लाख रुपये गोडाऊनमध्ये उभे. बँक साधारण 25 टक्के मार्जिन कापून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे स्टॉकवर कर्ज उचलायची मर्यादा, देते, म्हणजे त्यातले पन्नासेक लाख तुमच्या खिशातले. शिवाय जुळलेला कूलर म्हणजे आत हवा भरलेली पेटी असते, दोनावर दोन लावले तरी वाट सोडून एका कूलरला 3 चौरस फूट जातात, म्हणजे 16,000 चौरस फुटांच्या आसपास जागा. आणि जागा पीकच्या स्टॉकसाठी घ्यावी लागते, सरासरीसाठी नाही, हे लोक विसरतात.

एक कूलर एक महिना ठेवायचा खर्च मी 80 रुपये धरतो. 12 टक्क्याने व्याजाचे 40, जागेचे 30 आणि इन्शुरन्स, हलवाहलव, फाटलेली खोकी, पोचे वगैरे मिळून 10. जुलै ते मे प्रत्येक महिनाअखेरचा स्टॉक बेरीज केला तर 32,740 येतो, गुणिले 80 म्हणजे 26 लाखांच्या वर. तुमच्या सीएला जे टोचतंय ते हेच.

तुमचा प्लॅन (चेस)

चेसमध्ये स्टॉक जवळपास शून्य. पण माणसं बघा: ऑगस्टमध्ये 3, डिसेंबरमध्ये 10, फेब्रुवारीत 40, एप्रिलमध्ये 75, जूनमध्ये परत 15. एक माणूस आणायचा आणि सोडायचा खर्च मी 10,000 धरतो, त्यातला मोठा भाग म्हणजे पहिल्या महिन्यात नवीन माणूस साठ टक्केच काम देतो आणि पगार पूर्ण घेतो, बाकी ठेकेदाराचं कमिशन, राहायची सोय, शेवटचा हिशोब. 72 माणसं गुणिले 10,000 म्हणजे 7 लाख 20 हजार. 26 लाखांपुढे 7 लाख, म्हणजे कागदावर तुम्ही जिंकलात.

पण हा कागद अर्धाच आहे. एप्रिलमध्ये 3000 कूलरचे पत्रे वाकवायला आणि कोट करायला तुमचा पॉवर प्रेस, बेंडिंग आणि पावडर कोटिंगचा ओव्हन पुरतो का? माणसं वाढवता येतात, ओव्हन एप्रिलपुरता मोठा होत नाही. समजा महिन्याला 1600 सेटच्या, म्हणजे 1600 कूलरच्या पत्र्यांच्या, वर ओव्हन जात नाही. मग मार्च, एप्रिल, मे मिळून 3000 सेट बाहेर जॉबवर्कला द्यावे लागतील, आणि जॉबवर्कवाला ऐन सीझनमध्ये सगळ्याच कूलरवाल्यांचं काम करत असतो, तो सेटमागे 150 जास्त घेणारच. ते झाले साडेचार लाख. आता चेस पावणेबारा लाखांवर आला.

आणि मग माणसांचा प्रश्न, जो एक्सेलमध्ये येतच नाही. तुमचा पीक नेमका कधी आहे ते बघा. मार्चमध्ये होळी असते, तेव्हा बालाघाट, छिंदवाडा, सिवनीकडची पोरं गावी जातात आणि होळीनंतर परत कधी येतील ते त्यांनाच माहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचं संकलन, गोंदिया-गडचिरोलीकडचा माणूस त्या दिवसांत आठ तास पत्रा वाकवायला का येईल, घरच्यांना घेऊन जंगलातून रोख पैसा मिळतो. वर लग्नाचा सीझन, वर वीटभट्ट्या. म्हणजे ज्या महिन्यात तुम्हाला 75 माणसं हवीत त्याच महिन्यात सगळ्यांनाच माणसं हवीत. ठेकेदार 75 म्हणेल आणि 60 देईल. 15 माणसं कमी म्हणजे 600 कूलर कमी, कूलरमागे 700 मार्जिन धरलं तर 4 लाख 20 हजार गेले, आणि जो डीलर रिकाम्या हाताने परत गेला तो पुढच्या वर्षी बुकिंगला फोन उचलत नाही तो वेगळाच.

क्वालिटीचंही सांगतो. नवीन माणसाची चूक पत्र्यात दिसत नाही, ती वायरिंगमध्ये आणि टाकीच्या सांध्यात असते. टाकी गळते ते ग्राहकाच्या घरी कळतं आणि पंपाची अर्थिंग सुटलेली असेल तर पाण्याजवळ करंटचा प्रश्न आहे, तिथे मजाक नाही. म्हणून कुठल्याही प्लॅनमध्ये वायरिंग आणि टेस्टिंगवर सीझनल माणूस ठेवायचा नाही हा माझा ठाम नियम आहे.

मग करायचं काय

आता मूळ मुद्द्यावर येऊ. तुमचा कूलर पत्र्याचा आहे हे तुमचं नशीब समजा. त्याचं काम सरळ दोन भागांत तुटतं. पहिला भाग पत्र्याचा: कटिंग, पंचिंग, बेंडिंग, धुलाई-फॉस्फेटिंग, पावडर कोटिंग. दुसरा जुळणीचा: बॉडी रिव्हेट करणं, टाकी, मोटर, पंखा, पंप, ताट्या, वायरिंग, टेस्टिंग, पॅकिंग. समजा दोन्हीला निम्मे निम्मे म्हणजे 2.6 तास लागतात.

पहिल्या भागाचा माल, म्हणजे कोट केलेले सुटे पॅनेल, एकावर एक सपाट बसतात. एका जुळलेल्या कूलरच्या जागेत साधारण सात-आठ कूलरचे सेट राहतात. आणि पैसा? 4,000 च्या कूलरमध्ये मोठी रक्कम मोटर, पंप, पंखा, ताट्या, खोकं यांत असते, पॅनेलच्या सेटमध्ये पत्रा, पावडर आणि मजुरी मिळून समजा 1,200. म्हणजे सेट महिनाभर ठेवायचा खर्च व्याजाचे 12, जागेचे 4, ओरखडे वगैरेंचे 2, एकूण 18 रुपये. 80 विरुद्ध 18, आणि त्यात अर्धी मेहनत आधीच होऊन जाते. वर ओव्हनचा जो गळा आवळला जातो तोही सुटतो कारण ओव्हन आता सीझनला नाही, पावसाळ्यात भरून चालतो.

म्हणून प्लॅन असा: पॅनेल लेव्हल, जुळणी चेस. आता आकड्यांत मांडू.

परमनंट माणसं 20. एक माणूस महिन्याला कुठल्याही एका टप्प्याचे, म्हणजे पॅनेलचे किंवा जुळणीचे, 80 नग करतो, म्हणजे 20 माणसांचे 1600 टप्पे. जुलै ते जानेवारी सात महिन्यांत 11,200. त्यातले 8,000 पॅनेलला आणि 3,200 जुळणीला लावायचे. जुलै ते नोव्हेंबर जुळणी फक्त तेवढीच जेवढी ऑर्डर आहे, बाकी सगळे पत्र्यावर. डिसेंबरपासून उलटं फिरवायचं, डिसेंबरमध्ये 1000 आणि जानेवारीत 1400 जुळवायचे. अशाने जानेवारीअखेर हातात 1,200 तयार कूलर आणि 4,800 पॅनेल सेट असतात. पॅनेलचा पीक नोव्हेंबरअखेर 6,400 सेटवर जातो, त्याची जागा आधी बघून ठेवा.

फेब्रुवारी ते मे 15 सीझनल माणसं घ्या, 75 नाही. आता 35 माणसांचे महिन्याला 2800 टप्पे, त्यातले बहुतेक जुळणीला आणि उरलेले पॅनेलला. जुळणी फेब्रुवारीत 1900, मार्चमध्ये 2300, एप्रिल आणि मेमध्ये 2000-2000. गंमत बघा, मागणी 1600 वरून 3000 वर उडी मारतेय पण जुळणीची लाइन 2000 च्या आसपासच चाललीय, उडी सगळी तयार स्टॉक आणि पॅनेलने झेलली. एप्रिलमध्ये 400 टप्पे कमी पडतात, ते ओव्हरटाइमने काढायचे, 1040 तास म्हणजे माणशी तीस तास. ओव्हरटाइम डबल रेटनेच द्यावा लागतो आणि त्याला तासांची कायदेशीर मर्यादा आहे, ती लेबर कन्सल्टंटकडून लिहून घ्या. जूनमध्ये लोकांना थोडी उसंत मिळते, तेव्हा मशीनचं मेंटेनन्स आणि साचलेल्या रजा.

खर्च: पॅनेल ठेवायचे 6 लाख 70 हजार, तयार कूलर ठेवायचे पावणेचार लाख, माणसं आणायचे दीड लाख, ओव्हरटाइमचे दीड लाख. एकूण साडेतेरा लाखांच्या आत. बाबांच्या 26 लाखांच्या निम्म्यावर. तुमच्या चेसपेक्षा कागदावर पावणेदोन लाख जास्त, हे मी लपवत नाही. पण चेसमध्ये ठेकेदाराने 15 माणसं कमी दिली की तो सोळा लाखांवर जातो, आणि इथे 15 पैकी 3 माणसं नाही आली तर आठवड्याला 60 टप्पे कमी, शिल्लक स्टॉकमधून आणि थोड्या ओव्हरटाइमने निभावतं. पैसा अडकायचा म्हणाल तर जानेवारीअखेर 48 लाखांचे कूलर आणि 58 लाखांचे पॅनेल, म्हणजे 1 कोटी 6 लाख, लेव्हलच्या निम्मे. सीएला हा आकडा दाखवा.

6 माणसं कमी करायची म्हणजे कोणाला घरी बसवा असं नाही. जे वयाने निघतील, सोडून जातील त्यांच्या जागा भरू नका, दोन-तीन वर्षांत 26 चे 20 होतात. तोवर सीझनल माणसं 15 ऐवजी कमी घ्या.

हवामान

इथे लेव्हल आणि चेसचा खरा फरक कळतो. मार्च 2020 आठवा, 25 तारखेला लॉकडाऊन लागला, ऐन सीझन. ज्यांचा माल गोडाऊनमध्ये तयार होता त्यांचा अडकला आणि जे ठेकेदाराच्या माणसांवर होते त्यांची माणसं पायी गावी निघाली, म्हणजे दोन्ही प्लॅन एकदम झोपले. ते तर अपवाद होतं. पण 2025 बघा, मे महिन्यात राज्यात बऱ्याच ठिकाणी पाऊस लागून राहिला आणि मुंबईत मान्सून 26 मे लाच पोचला. अशा वर्षी मेचे 2200 कूलर कोण घेणार. कूलर उरला की तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत उरतो, म्हणजे आठ-नऊ महिने गुणिले 80, एका कूलरवर सातशे रुपये गेले, म्हणजे जे मार्जिन होतं तेवढंच.

पॅनेल उरले तर तेवढ्याच काळात दीडशे रुपये जातात आणि मोटर-पंपाचा पैसा मुळात अडकलेलाच नसतो. म्हणून मी म्हणतो जुळणीचा निर्णय जितका उशिरा घेता येईल तितका घ्या. हवामान खातं फेब्रुवारीअखेर मार्च ते मेचा आणि मार्चअखेर एप्रिल ते जूनचा उष्णतेचा अंदाज देतं. तो नागपूरच्या एखाद्या आठवड्याचा भविष्य सांगत नाही, पण एप्रिलमध्ये ओव्हरटाइम लावायचा का, मोटरची पुढची खेप उचलायची का, एवढं ठरवायला बरा पडतो. पण त्याच्याही आधी डीलरचं दुकान बघा. डीलरने तुमच्याकडून किती उचलले याला फारसा अर्थ नाही, जानेवारीत स्कीम दिली की तो उचलतोच. त्याच्याकडून ग्राहकाकडे किती गेले ते विचारा. पाच-सहा मोठ्या डीलरांना मार्चपासून दर सोमवारी फोन करून शिल्लक विचारली तर एप्रिलच्या मध्यापर्यंत सीझन कळतो. पहिल्या उचलीनंतर दुसरी ऑर्डर नेहमीपेक्षा उशिरा आली की तिथेच जुळणी आवरती घ्यायची, मेची वाट बघायची नाही.

स्कीमवरून आठवलं, डिसेंबर-जानेवारीत डीलरला बुकिंगवर सूट देऊन मागणीच थोडी अलीकडे ओढता येते. कूलरमागे शंभर-दीडशेची सूट आणि बयाणा रोख, हे तुमच्या 80 रुपये महिन्याच्या हिशोबात सहज बसतं, शिवाय गोडाऊन त्याचं वापरलं जातं. पण उधारीवर माल देऊन स्कीम केली तर फक्त स्टॉकचं नाव उधारी झालं, पैसा तुमचाच अडकला.

पॅनेल साठवताना काय बिघडतं

ही पद्धत सांगायला सोपी आहे, बिघडते ती या गोष्टींनी.

पांढरा गंज. जीआय पत्रे पावसाळ्यात एकावर एक ठेवले आणि मध्ये ओल अडकली की पांढरी पूड धरते, आणि त्यावर कोटिंग टिकत नाही, वर्षभरात पापुद्रे निघतात. म्हणून कापलेला, वाकवलेला पण कोट न केलेला माल पावसाळ्यात साठवायचाच नाही. जेवढं फॉस्फेटिंगमधून निघेल तेवढं त्याच दिवशी कोट करून टाकायचं. साठा फक्त कोट केलेल्या पॅनेलचा, मध्ये फोम किंवा कागद, जमिनीपासून वर लाकडी पॅलेटवर. दर महिन्याला थप्पीच्या मधला एक पॅनेल काढून कापलेल्या कडा बघायच्या, गंज कडेपासून सुरू होतो, वरच्या पॅनेलकडे बघून काही कळत नाही. पावडरही जास्त भरून ठेवू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या शेडमध्ये ती गठ्ठे धरते.

सेट न जुळणं. हे सगळ्यात जास्त होतं. सुपरवायझर सांगतो सहा हजार सेट आहेत, प्रत्यक्षात डाव्या बाजूचे सहा हजार आणि टाकीचे साडेचार हजार असतात, कारण टाकीचं काम किचकट आणि माणूस सोपं काम आधी करतो. सेट किती हे सगळ्यात कमी असलेल्या पॅनेलवरून मोजायचं. पीसरेटवर काम देत असाल तर सुट्या पॅनेलचा नको, पूर्ण सेटचाच रेट लावा.

मॉडेल बदलणं. जुलैमध्ये बनवलेला पॅनेल फेब्रुवारीत जुळणार, मध्ये कोणी ग्रिलची डिझाइन किंवा भोकाची जागा बदलली तर साठा भंगारात. जूनअखेर ड्रॉइंग गोठवा. आणि साठवायचे ते बाजूचे, मागचे, टाकीचे, तळाचे पॅनेल, जे दोन-तीन मॉडेलना चालतात असे. पुढचं ग्रिल आणि डीलर जो रंग मागतो तो भाग सीझनलाच करा, फेब्रुवारी-मेमध्ये पॅनेलला जो वेळ ठेवलाय तो मुख्यतः त्यासाठीच.

मोटर आणि पंप आधी भरून ठेवू नका पण ऑर्डर आधी द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रेट आणि महिन्यावार डिलिव्हरी ठरवून घ्या, थोडा बयाणा द्या. मार्चमध्ये फोन केलात तर रेटही वाढलेला आणि माल "पुढच्या आठवड्यात". वूड वूलच्या ताट्या मात्र जानेवारीच्या आधी घेऊच नका, ओल खातात आणि कुबट वास धरतो, तो वास ग्राहकाला पहिल्या दिवशी येतो.

हे कुठे चालत नाही

कोणी प्लॅस्टिक बॉडीचे कूलर बनवत असेल तर वरचं गणित तसंच उचलू नका. मोल्ड केलेली बॉडी सपाट होत नाही, ती तयार कूलरइतकीच जागा खाते, आणि मोल्डिंग मशीनमध्ये माणसाचे तास कमी, मशीनचे तास जास्त. तिथे साठवून फायदा मशीनच्या क्षमतेपुरताच. बॉडी बाहेरून विकत घेऊन फक्त जुळणी करणारे पण आहेत, त्यांना चेसच बरा पडतो, कारण त्यांच्याकडे आधी करून ठेवण्यासारखं स्वस्त काम उरतच नाही. आणि तुमचं पत्र्याचं काम निम्मं नसून समजा तिसरा हिस्साच असेल तर पॅनेलने सपाट होणारा चढउतार तेवढाच कमी, मग सीझनल माणसं 15 पेक्षा जास्त लागू शकतात.

सीझनल माणसांबद्दल एक राहिलं. 15 जण दरवर्षी तेच परत आले पाहिजेत, तर पहिल्या महिन्याचं नुकसान अर्ध्यावर येतं. त्यांना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घ्या, मार्चमध्ये नाही, म्हणजे होळीच्या आधी हात बसलेला असतो. होळीला सुट्टी आणि जायचं भाडं द्याच, आणि सीझनचा बोनस मेअखेरच्या हजेरीवर ठेवा, तो किती हे फेब्रुवारीतच सगळ्यांसमोर सांगा. नेमके तेंदूपत्त्याचे दिवस त्याने निघतात. पीएफ-ईएसआय ठेकेदार भरतोय की नाही याची चलनं दर महिन्याला मागा, नाही भरलं तर शेवटी कारखानदारालाच धरतात.

सध्या दोन गोष्टी मोजून इथे टाका: ओव्हनमधून दिवसाला नेमके किती सेट निघतात, आणि पत्र्याचं काम व जुळणी यांचे तास वेगवेगळे. तास सुपरवायझरला विचारून नको, आठवडाभर उभं राहून घड्याळ लावून. बाबांचे 26 आणि माझे 20 यांच्यामधला खरा आकडा त्यावरूनच निघेल, 21 निघेल नाहीतर 24, आज मी सांगू शकत नाही.